पोच द्या, मग जातो

फी जूनमध्ये वाढली तर तिला फीवाढ म्हणतात. दिवाळीनंतर वाढली की ती 'सुधारित शुल्करचना' होते. आमच्या मुलीच्या शाळेचं परिपत्रक सुट्टी संपता संपता ॲपवर आलं. सुरुवात 'प्रिय पालक' अशी होती. शाळेला आपण प्रिय झालो की आधी पाकीट चाचपून बघावं. तिसऱ्या परिच्छेदात रक्कम सापडली: 'डिजिटल अध्ययन व अनुभवसमृद्धी शुल्क' ४,५०० रुपये, तिसऱ्या हप्त्यासोबत. मुलीला विचारलं, नवीन काय आलंय शाळेत? ती म्हणाली, "तो बोर्ड आहे ना, स्मार्टवाला, त्याच्यावर आता कव्हर घातलंय." अनुभव समृद्ध झाला होता खरा.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या संध्याकाळी क्रांती झाली. या ग्रुपवर कोणालाच स्वतःचं नाव नसतं. सगळे अमुकचे बाबा आणि तमुकची आई. एक बाबा 'ही लूट आहे' म्हणाले, त्यावर तीसेक अंगठे उमटले. एक आई 'आपण एकी दाखवली पाहिजे' म्हणाल्या, त्यांना हात जोडलेले मिळाले. मी स्वतः एक जळजळीत परिच्छेद टाकला आणि त्याला किती जण दाद देतात ते जेवताना बघत बसलो. रात्री साडेनऊला कुणीतरी विचारलं, 'ॲपवर पेमेंट फेल होतंय, कोणाचं झालं का?' तेवढ्यात आठ-दहा जणांनी झाल्याचं कळवलं. लूट म्हणणाऱ्या बाबांनी तर पावतीचा स्क्रीनशॉटही टाकला, मदत म्हणून.

बायको म्हणाली, "शाळेने फी वाढवली आणि तुम्ही एकमेकांना पत्रं लिहिताय. शाळेला कोण लिहिणार?"

मी बँकेत नोकरीला आहे. आकडा जुळला नाही तर घरी जायचं नाही, ही आमची शिकवण. त्यामुळे आधी कागद काढले. वर्षाची फी ६४,००० रुपये, तीन हप्त्यांत. जूनमध्ये मिळालेल्या शुल्कपत्रकात बाबवार तपशील होता आणि त्यात 'संगणक व तंत्रज्ञान शुल्क' ३,००० रुपये आधीच बसलेलं होतं. म्हणजे तंत्रज्ञानासाठी एकदा पैसे दिलेले होते आणि आता त्याच्या अनुभवासाठी मागत होते.

मग कायदा वाचला. महाराष्ट्रात शाळांच्या फीसाठी २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे, तो २०१४च्या डिसेंबरात लागू झाला. कायदे वाचून सहसा झोप येते, याने माझी उडवली. खासगी विनाअनुदानित शाळेने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी, हिशेबासकट, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. आणि फी म्हणजे शाळेने प्रवेश आणि शिक्षणापोटी घेतलेली कोणतीही रक्कम, नाव काहीही असो. तेव्हा 'अनुभवसमृद्धी' हे नाव शोधायला ज्याने कोणी डोकं चालवलं असेल, त्याची मेहनत कायद्याच्या दृष्टीने वाया गेली होती. नोव्हेंबरात नवी बाब जोडायला या कायद्यात जागाच दिसत नव्हती.

इथे एक गोष्ट मला नीट समजून घ्यावी लागली, आणि ग्रुपवर ती शेवटपर्यंत कुणाला पटली नाही. फी भरमसाट असणं ही एक तक्रार आणि मंजुरीपेक्षा जास्त घेणं ही दुसरी. ६४,००० मला भरमसाट वाटतात, पण समितीने रीतसर मंजूर केले असतील तर मी एकट्याने कपाळ आपटून उपयोग नाही. ४,५०० मात्र मंजूर फीच्या बाहेरचे होते. भांडण तेवढ्याचंच ठेवायचं. ग्रुपवर लोकांनी त्यात गणवेशाचं दुकान, कँटीनचा वडा आणि बसचालकाची गाणी घातली. तेवढं सगळं एका अर्जात घातलं की मुख्याध्यापिकांना उत्तर देणं सोपं जातं: त्या वड्याबद्दल उत्तर देतात.

अर्ज एका पानाचा केला. मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी. जूनच्या शुल्कपत्रकातली रक्कम, भरलेल्या हप्त्यांचे पावती क्रमांक आणि तारखा, नव्याने मागितलेली रक्कम, फरक. खाली दोनच मागण्या: ही बाब कार्यकारी समितीच्या ज्या सभेत मंजूर झाली त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्या, नाहीतर मागणी मागे घ्या, आणि ज्यांच्याकडून घेतलीत त्यांना परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळती करा. 'पालकांची पिळवणूक', 'शिक्षणाचा बाजार' वगैरे शब्द पहिल्या मसुद्यात होते. बायकोने ते खोडले. म्हणाली, "यांना उत्तर नसतं, आकड्याला असतं."

शाळेच्या कार्यालयात खिडकीपलीकडे एक क्लार्कबाई बसतात. अर्ज त्यांनी वाचला आणि ट्रेमध्ये ठेवला. मी दुसरी प्रत पुढे केली, "यावर आवक शिक्का आणि तारीख द्या."

"सर, आम्ही देत नाही पोच."

"का बरं?"

"कोणी मागत नाही."

"मी मागतोय."

"मग मॅडमना विचारावं लागेल. मॅडम राउंडला गेल्यात."

शाळेत मुख्याध्यापक नेहमी राउंडला असतात. मी समोरच्या छोट्या खुर्चीवर, पहिलीच्या मुलासाठी केलेल्या, बसून राहिलो आणि म्हणालो, "पोच द्या, मग जातो." अर्ध्या तासाने गुडघे कानाला लागले तेव्हा त्यांनाच दया आली आणि शिक्का उमटला. नसता उमटला तर अर्ज पोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, हे ठरलेलंच होतं. पण त्या जांभळ्या शिक्क्यात वेगळीच ताकद असते. तो उमटेपर्यंत तुम्ही नाराज पालक असता. उमटला की तुम्ही प्रकरण होता.

आठवड्याभरात बोलावणं आलं. मुख्याध्यापिका मॅडम अतिशय गोड बोलल्या. चहा आला, सोबत बिस्किटं. तिथेच मला कळलं की माझं पत्र गंभीर आहे.

"सर, आपली शाळा सीबीएसई आहे. राज्याचा हा कायदा आपल्याला तसा लागू होत नाही."

"मॅडम, मंडळ कुठलंही असलं तरी राज्यातल्या खासगी शाळेला तो लागू होतो."

"बरं, पण पंधरा टक्क्यांपर्यंत वाढवायला परवानगी आहेच ना? आम्ही तर सातच टक्के वाढवलीय."

हे पंधरा टक्के महाराष्ट्रातल्या शाळांचं लाडकं दैवत आहे. कायद्यात हा आकडा आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी बसलाय. संस्थेने सुचवलेली फी आणि समितीने मान्य केलेली फी यांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर संस्था विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागू शकते. तो मतभेद मोजायचा आकडा आहे. मधूनच हात घालून उचलायची सवलत नाही. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. मॅडमनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि शेवटचा पत्ता टाकला: "कार्यकारी समितीची मंजुरी आहे, सर. पालक प्रतिनिधींच्या सह्या आहेत."

सह्यांचा कागद दाखवला. खरंच सह्या होत्या, ऑगस्टच्या सभेच्या. वर फक्त 'उपस्थिती' लिहिलेलं. विषय काय, ठराव काय, किती रकमेचा, कोणी मांडला, कशाचाच पत्ता नाही. असा कागद हाती आला की ओळखावं. लोक हजर होते एवढंच तो सांगतो, लोकांनी काय मान्य केलं ते सांगत नाही.

सह्यांत आमच्या वर्गाच्या प्रतिनिधींचीही सही होती. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अय्या, ती सभा होय? ती तर स्नेहसंमेलनाच्या नाश्त्यासाठी होती. इडली की पोहे यावर दीड तास गेला."

"फीचा विषय निघाला होता का?"

"नाही हो. पण मी समितीत आहे? मला वाटलं, क्रीडादिनाला लिंबू-चमचा बघायला उभं राहायचं असतं."

त्यांची यात चूक नाही. या समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालक, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक असतात. पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात, तेही जे तयार असतील त्यांच्यातून. यादी सूचनाफलकावर लावायची असते. आमची लागली होती. तिच्यावर विज्ञान प्रदर्शनाचा फोटो होता.

दुसरा अर्ज मग अर्ध्या पानाचाच झाला: ऑगस्टच्या सभेच्या कागदावर शुल्काचा ठराव नाही; ठराव असल्यास प्रत द्या, नसल्यास रक्कम परत करा. खाली वर्गप्रतिनिधीबाईंचीही सही, इडली-पोह्यांच्या खुलाशासकट. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. जादा घेतलेली फी सिद्ध झाली तर पहिल्याच वेळी दंड १ लाख ते ५ लाख किंवा घेतलेल्या रकमेच्या दुप्पट, जे जास्त असेल ते, आणि शिवाय परतावा, एवढी तरतूद कायद्यात आहे. मी तिचा उल्लेखही केला नाही. वाचणाऱ्याला ती माहीत असते.

पुढची पायरी अवघड होती. विभागीय समितीकडे पालकांना थेट जायचं तर शाळेतल्या २५ टक्के पालकांनी मिळून जावं लागतं, एकट्याचं तिथे चालत नाही. बाराशे मुलांच्या शाळेत हा आकडा तीनशेच्या घरात जातो. ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांना मी कागदावर सही मागितली तेव्हा कोणी गावी निघालं, कोणाच्या घरी पाहुणे आले. लूटवाले बाबा म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा, मी मागून आहे." सगळ्यांच्या मनात एकच भीती: पोराला त्रास देतील. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही हे मी सांगत होतो, पण आईबापांची भीती कलमाने जात नाही. सह्या साठावर अडकल्या.

साठ पुरेशा ठरल्या, त्या समितीपर्यंत न जाताच. तिसऱ्या हप्त्याची मुदत संपायच्या आत ज्या साठ जणांच्या सह्या होत्या त्यांच्या ॲपवर ४,५०० वजा झाले. ज्यांनी आधीच भरले होते त्यांना ते पुढच्या हप्त्यात वळते झाले. पावतीवर कारण लिहिलं होतं 'सद्भावना सवलत'. इतिवृत्ताची प्रत मला आजतागायत मिळालेली नाही, मिळणारही नाही, कारण ते लिहिलंच गेलेलं नाही.

बाकी पालकांचे पैसे शाळेकडेच आहेत. मागितले नाहीत म्हणून दिले नाहीत, एवढाच शाळेचा मुद्दा आहे, आणि तो खिडकीवरच्या क्लार्कबाईंच्या मुद्द्याशी तंतोतंत जुळतो. तेव्हा तुमच्याही पावत्या जूनच्या पत्रकाशी एकदा ताडून बघा. आणि शाळा सुरू होताना समितीसाठी नावं मागतील तेव्हा तुमचं द्या. चिठ्ठी निघालीच तर सभेत इडली की पोहे ठरवून झाल्यावर उठू नका, फीचा विषय कधी आहे तेवढं विचारा आणि ते इतिवृत्तात लिहायला लावा.