फ्रिज कुठे ठेवावा: नवशिक्यांसाठी

आधी फ्रिज विकत घ्यावा. तो दारात येऊन उभा राहिला, हमाल घाम पुसू लागले, की मग टेप शोधावी. ती सापडत नाही. मग वितीने मोजून ‘बसेल, बसेल’ म्हणावे.

ओट्याच्या टोकाला, शेगडीला लागून एक कोपरा हमखास मोकळा असतो. तोच निवडावा. फोडणी तडतडत असताना डाव्या हाताने कढीपत्ता काढता येतो. फ्रिजचे काम आतली उष्णता उचलून बाहेर टाकण्याचे. बाहेर आधीच गरम असेल तर ती टाकायला कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. पण ते त्याचे तो बघेल. शिवाय फोडणीचे तेल दाराच्या रबरावर बसून चिकट होते, त्याचीही सवय होते.

उन्हाची परीक्षा सकाळी नऊला घ्यावी. पश्चिमेच्या खिडकीजवळचा कोपरा तेव्हा अगदी थंडगार वाटतो. मे महिन्यात दुपारी चारला तिथे उभे राहण्याचा आगाऊपणा करू नये.

आता बाजू. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असे, तिच्यातून उष्णता बाहेर पडे. हल्ली बऱ्याच फ्रिजची पाठ गुळगुळीत असते, कारण त्या गरम नळ्या बाजूच्या पत्र्याआड गेल्या आहेत. म्हणून चालू फ्रिजची कूस कोमट लागते. तो बिघाड नव्हे, तरी नवशिक्याने मेकॅनिकला बोलवावेच. त्याचाही संसार आहे.

सुताराला मात्र यातले काही सांगू नये. फ्रिज 60 सेंटिमीटर रुंद असेल तर तो 62 चा कप्पा करून देईल, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर. फोटोत फार सुरेख दिसते. फ्रिजसोबतच्या पुस्तिकेत दर बाजूला समजा 5 सेंटिमीटर लिहिले असेल, तर कप्पा 70 चा हवा होता. पण पुस्तिका उघडायची ती वॉरंटीसाठी. बिजागरीकडे भिंत असली की आणखी मौज. दार काटकोनात अडकते आणि भाजीचा ड्रॉवर पुरता बाहेर येत नाही. तो पुसायला काढायचा तर अख्खा फ्रिजच ओढावा लागतो.

काही आठवड्यांनी कॉम्प्रेसर क्वचितच गप्प बसतो, बाजूवर तळहात टेकवत नाही, आइस्क्रीम चमच्याआधीच वाकते. मग ‘कंपनीच वाईट’ असे जाहीर करावे.

एवढे करूनही ज्यांना फ्रिज नीट चालवायचाच असेल, त्यांनी शेगडीपासून लांबची, सावलीतली, तिन्ही बाजूंनी श्वास घेणारी जागा शोधावी. पुष्कळ फ्लॅटमध्ये ती हॉलमध्येच सापडते. तिथे मग फ्रिजवर विणलेला रुमाल टाकून त्यावर गणपतीची मूर्ती ठेवता येते, आणि गार पाणी आणायला जाताना मालिकेतला एकही संवाद चुकत नाही.