चौथा फर्मा

येरवड्यात लोक बहुधा कशाची तरी वाट पाहत असतात. कुणी तुरुंगाच्या दारापाशी मुलाखतीची, कुणी मनोरुग्णालयाबाहेर, कुणी नगर रस्त्यावर कंपनीच्या बसची. वाट पाहणाऱ्याच्या हाती पुस्तक शोभतं. १९२२ ते २४ या काळात गांधीजी इथे कैदेत होते तेव्हा त्यांनी भरपूर वाचलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहासही इथेच लिहायला घेतला. अर्थात त्यांना बाहेर पडण्याची सोय नव्हती. ज्याला कुठेही जाता येतं आणि कुठेच जावंसं वाटत नाही, त्याला काय वाचायला द्यायचं, हा जास्त अवघड प्रश्न. तो आमच्या काकांना पडायचा.

गुंजन चौकाच्या आत, एका गल्लीत काकांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. रद्दीतून आलेलं पुस्तक ते आधी नाकाशी नेत, मग तळहातावर तोलत आणि शेवटी त्याचे फर्मे तपासत. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी शिवलेलं असतं. बांधणाऱ्याच्या हातून एखादी घडी निसटली, तर सोळाव्या, बत्तिसाव्या किंवा अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर गोष्ट अचानक उडी मारते. म्हणून काका सगळी पानं मोजत बसत नसत. नेमक्या या सांध्यांवर अंगठा ठेवून, वैद्याने नाडी पाहावी तसे क्षणभर थांबत. मग पेन्सिलीने पहिल्या पानावर किंमत लिहीत.

गिऱ्हाइकाला काय आवडतं, हे ते कधीच विचारत नसत. आवडीबद्दल माणसं खोटं बोलतात, असं त्यांचं मत होतं. त्यापेक्षा अर्ध्यात सोडलेलं पुस्तक कोणतं, हे विचारावं. तिथे माणूस खरं सांगतो.

एका पावसाळी संध्याकाळी एक तरुण आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एक पाय सारखा हलता, जणू अंगातच कुठेतरी रेल्वेचं फलाट असावं. म्हणाला, “काका, जाडजूड कादंबरी द्या. रात्र संपत नाही.”

“अर्ध्यात कोणती सोडलीत?”

“सगळ्याच.”

काकांना हे उत्तर फार आवडलं असावं. त्यांनी ठोकळे बाजूला सारले आणि एक बारीक, पिवळी पडलेली प्रत काढली. ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ची. “दोन पानं उभ्यानेच वाचा,” म्हणाले आणि स्वतः त्याच्या पायाकडे पाहत बसले.

औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला निघतो. शाळेत पोरं नाहीत, ओळखीचं कुणी नाही. पुढे हळूहळू वाडी आपली भांडणं, पत्रं, पैशाअडक्याच्या अडचणी त्याच्याकडे आणू लागते. तो तिथला होतो. आणि मग दुष्काळ पडतो. यात खून नाही, रहस्य नाही. पण दुसऱ्या पानाच्या मध्यावर पाय थांबला. काकांनी तीस रुपये घेतले.

चौथ्या दिवशी तो तरातरा आला. मी तिथेच मासिकं चाळत होतो. “काका, अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट! मधली पानं?”

“फर्मा चुकलाय,” काका शांतपणे म्हणाले. त्यांनी आतून मुखपृष्ठ उडालेली दुसरी प्रत आणली. “यात आहेत. पण ही विकायची नाही. इथे बसून वाच.” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

सोळा पानांना असा किती वेळ लागावा? पण मध्येच चहा आला. मग एक म्हातारी आली. तिला मुलाला तुरुंगात पत्र पाठवायचं होतं. काकांनी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं (तो त्यांच्या कपाळावर होता) आणि पोराकडे बोट दाखवलं. तो आधी गडबडला. मग म्हातारीने सांगितलं तसं लिहू लागला: म्हशीचं, घराच्या गळक्या छपराचं, धाकटीच्या परीक्षेचं. “अजून काय लिहू, आजी?” असं त्याने विचारलं तेव्हा माझं मासिक बराच वेळ एकाच पानावर होतं.

त्यानंतर तो अधूनमधून दिसायचा. पत्रं लिहायचा, पुस्तकं लावायचा, एकदा तर काकांशी किमतीवरून भांडलाही. ती प्रत वाचून परत दिली असती तर निम्मे पैसे मिळाले असते, पण त्याने ती दिली नाही.

मला मात्र एक शंका होती. एकदा तो नसताना काकांना विचारलं, “सांध्यावर अंगठा ठेवल्याशिवाय पुस्तक विकत नाही तुम्ही. मग तो चौथा फर्मा कसा सुटला?”

काका दुखावल्यासारखे झाले. “सुटला? शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं की, ‘फर्मा ४ नाही’. म्हणून तर तीस रुपये. नाहीतर पन्नास घेतले असते.”