विषय: पाणी

सात वाजून बारा मिनिटांनी, डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत माणसाला जे शब्द सुचतात, ते सोसायटीच्या कमिटीला पाठवायचे नसतात. हे मला आज कळतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळत नव्हतं.

शॉवरने आधी खाकरल्यासारखा आवाज केला, मग एक लांब उसासा सोडला आणि तो थांबला. बायकोने बाहेरून स्वयंपाकघरातली कळशी आत सरकवली. त्या कळशीत भातासाठी भरलेलं फिल्टरचं पाणी होतं, त्यामुळे मी निदान जंतुविरहित झालो. टॉवेल गुंडाळूनच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘बी विंगमध्ये पुन्हा पाणी नाही!!!’ त्यावर चार जणांनी हात जोडले. एकाने सूर्योदयाचं चित्र टाकलं. ए विंगमधल्या एका काकूंनी ‘आमच्याकडे आहे’ असं कळवलं आणि पुढे हसरा चेहरा जोडला. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने पर्जन्यजलसंधारणावरचा पाऊण तासाचा व्हिडिओ पाठवला. साडेआठपर्यंत चर्चा लिफ्टच्या दिव्यावर गेली होती.

म्हणून मी ईमेल लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानी झाला. भगीरथापासून सुरुवात होती. एवढ्या तपानंतर गंगा पृथ्वीवर आली, मग ती चौथ्या मजल्यावर का येऊ नये, असा माझा सवाल होता. ‘अक्षम्य’ हा शब्द तीनदा आणि ‘बेजबाबदार’ पाचदा. शेवटी रजिस्ट्रारकडे जाण्याची धमकी. मला तो मसुदा अजूनही आवडतो.

दुसऱ्या मजल्यावरचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाण्याबद्दल आलेले अर्ज वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मसुदा वाचला आणि विचारलं, “यात पाणी कधी गेलं ते कुठाय?”

“सारखं जातंय हो नाना.”

“सारखं ही तारीख नाही. आणि हे बघा, अर्जात विशेषण आलं की फाइल जाड होते, नळ तसाच राहतो.”

धमकीवर तर त्यांनी सरळ काट मारली. आपल्या राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांत कुठली तक्रार कुणाच्या दारात न्यायची याची वाटणी केलेली आहे, आणि अपुऱ्या पाणीपुरवठ्याची तक्रार रजिस्ट्रारच्या नाही, महापालिकेच्या वाट्याला येते. “चुकीच्या पत्त्यावरची धमकी वाचून सेक्रेटरी घाबरत नाही,” नाना म्हणाले, “त्याला बरं वाटतं.”

मग त्यांनी तक्रारीचं मर्म सांगितलं. कमिटीकडे पाण्याच्या तक्रारीला तीनच उत्तरं असतात. एक, ‘महापालिकेकडूनच पाणी कमी आलं.’ दोन, ‘तुमच्या घरातल्या लाइनमध्ये काहीतरी असेल.’ आणि तीन, सर्वांत चिवट: ‘बघतो.’ पत्र असं लिहायचं की वाचणाऱ्याला या तिन्हींपैकी एकही देता येऊ नये.

तारखा कुठून आणायच्या, या विवंचनेत घरी आलो तर त्या फ्रिजशेजारी लटकत होत्या. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या लिहिलेल्या असतात. मार्च महिन्यात काही चौकोनांत बारीक ‘पा’ दिसला. मला इतके दिवस ते पापडाचं काहीतरी वाटत होतं.

“पाणी गेलं की लिहिते मी,” बायको म्हणाली. “अहो, तुमचा तो भगीरथ राहू द्या, हे घाला त्यात.”

‘पा’ होते ३, ६, १०, १३, १७ आणि २० तारखेला. आम्ही दोघं कॅलेंडरसमोर उभे राहिलो आणि एकदमच लक्षात आलं की सगळे ‘पा’ दोनच ओळींत आहेत. सोमवार आणि गुरुवार. १४ तारखेला धुळवड होती. अख्ख्या इमारतीने रंग धुतले, त्या दिवशी पाणी होतं! म्हणजे पाणी कमी पडत होतं असं नाही. ते वार बघून जात होतं.

गुरुवारचं कारण कमिटीकडे तयार होतं, कारण पुण्यात महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारीच. पण सोमवारचं काय? आणि गुरुवारी ए विंगच्या काकू हसऱ्या कशा?

२४ तारखेला, सोमवारी, पहाटे साडेपाचला मी आणि नाना टॉर्च घेऊन खाली उतरलो. आमच्या दोन विंगांना जमिनीखालची टाकी एकच आणि पंपही एकच. पंपातून वर निघणाऱ्या पाइपला दोन फाटे आहेत आणि प्रत्येक फाट्यावर एक कॉक. पाच वाजता ए विंगचा कॉक उघडून पंप सुरू करायचा, पावणेसहाला तो बंद करून बी विंगचा उघडायचा आणि साडेसहाला पंप थांबवायचा, अशी पद्धत. पावणेसहा वाजले. पंप चालू होता. कॉकला कुणी हात लावला नाही. सहा वाजता ए विंगच्या गच्चीवरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून धबाधबा पाणी पडायला लागलं, आणि पडलं ते नेमकं सेक्रेटरींच्या स्कूटरवर. आठवड्यातून दोनदा त्यांची स्कूटर एवढी लख्ख कशी, हे कोडं मला वर्षभर पडलं होतं.

साडेसहाला वॉचमनमामा आले आणि त्यांनी पंप बंद केला. हे बदलीचे मामा. रविवारी आणि बुधवारी रात्री नेहमीच्या मामांची सुट्टी असते, तेव्हा एजन्सी जो मोकळा असेल त्याला पाठवते. नानांनी त्यांना दोन कॉकबद्दल विचारलं.

“साहेब, मला पाचला चालू, साडेसहाला बंद एवढंच सांगितलंय,” मामा म्हणाले. “दुसरा कॉक आहे, हे आत्ता तुम्हीच सांगताय.”

त्यांचं काय चुकलं? पंपघराच्या भिंतीवर एका जुन्या गणपतीच्या फोटोशिवाय काहीही नव्हतं.

मग नानांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलायला लावलं. आत अर्ध्याहून जास्त पाणी. त्याचा वेळेसकट फोटो. वर जाऊन बी विंगच्या टाकीत टॉर्च मारला: तळाशी चार बोटं. त्याचाही फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की ‘महापालिकेकडूनच कमी आलं’ हे उत्तर गेलं. वीसच्या वीस घरांत पाणी नाही, म्हणून ‘तुमच्या लाइनमध्ये असेल’ हेही गेलं. तरी नानांनी चार मजल्यांवरच्या चार घरांच्या सह्या घ्यायला लावल्या.

हिशोब त्यांनी पाकिटाच्या पाठीवर मांडला. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं सरकारी प्रमाण आहे. आमच्या विंगमध्ये माणसं ६८, म्हणजे दिवसाला ९,१८० लिटर. गच्चीवरची टाकी ८,००० लिटरची. म्हणजे एकदा काठोकाठ भरली तरी दिवस निघत नाही. सकाळ-संध्याकाळ भरावीच लागते. सकाळची खेप चुकली की आदल्या संध्याकाळचं उरलेलं पाणी आंघोळींच्या गर्दीत सातच्या सुमारास संपतं. पंप तासाला साधारण ८,००० लिटर चढवतो, तेव्हा सहा ते साडेसहा या अर्ध्या तासात सुमारे ४,००० लिटर, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आंघोळी, पार्किंगमध्ये जात होत्या.

आता लिहायला काही उरलंच नव्हतं. विषयाच्या जागी मी आधी नुसतं ‘पाणी’ लिहिलं होतं. नानांनी ते खोडून लिहिलं: ‘बी विंग – ३ ते २४ मार्च, सात वेळा सकाळी पाणी बंद – टाकी भरण्याच्या पद्धतीत दुरुस्तीबाबत’. ईमेल न उघडताही सेक्रेटरींना तो कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या परिच्छेदात काय घडतं ते, दुसऱ्यात ते का घडतं ते. सात तारखा एका ओळीत, फोटो जोडलेले. स्कूटरबद्दल माझं एक सुंदर वाक्य होतं. बायकोने ते काढलं आणि लिहायला लावलं, ‘ए विंगच्या ओव्हरफ्लोखालील पार्किंग क्र. ७ ओले आढळले.’ ती जागा कुणाची, हे ज्याला कळायचं त्याला कळेलच. मामांचा उल्लेख मात्र कुठेही नाही. नाव घातलं असतं तर कमिटीने मामा बदलले असते आणि नव्या मामांनाही दुसरा कॉक माहीत नसता.

‘बघतो’चा बंदोबस्त तिसऱ्या परिच्छेदात होता. तिथे मागण्या, आणि त्या तीनच:

‘दोन्ही कॉकना वेगळा रंग देऊन त्यांवर विंगचे नाव लिहावे आणि पंपघरात टाकी भरण्याचे वेळापत्रक मराठीत व हिंदीत लावावे – २६ मार्चपर्यंत. रोज पंप चालू-बंद केल्याची व कॉक फिरवल्याची नोंद वहीत व्हावी – त्याच दिवसापासून. दोन्ही टाक्यांना पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर बसवण्यासाठी दोन कोटेशने पुढील सभेपुढे ठेवावीत.’

शेवटच्या ओळीत उपविधींचा आधार: हा अर्ज कमिटीच्या पुढच्या सभेत मांडावा आणि निर्णय त्यानंतर पंधरा दिवसांत लेखी कळवावा. धमकी नाही, उद्गारचिन्हही नाही. मला फार उघडंबोडकं वाटत होतं. निदान एक वाक्य तरी माझं असू द्या म्हणून मी हट्ट धरला. उपविधींप्रमाणे पाणीपट्टीची वाटणी घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर होते. आमचे नळ सात; तेव्हा सात कोरड्या नळांचे पैसे आम्ही वेळेवर भरतो, असं मला लिहायचं होतं. नानांनी बराच वेळ विचार केला आणि ‘वेळेवर’ ठेवून बाकीचं काढलं. ईमेलमध्ये आता ‘देखभाल शुल्क वेळेवर भरलेले आहे’ असं वाक्य आहे. वाचणाऱ्याला ते साधं वाटेल, पण त्यामागे माझा मोठा त्याग आहे.

ईमेल सोसायटीच्या अधिकृत पत्त्यावर गेला, अध्यक्ष आणि खजिनदारांना प्रत. तरी नानांनी एक छापील प्रत हातात दिली आणि म्हणाले, “पोच घेऊन या.” मी खाली गेलो. सेक्रेटरींनी दारातच वाचलं. पार्किंग क्र. ७ पाशी ते जरा थांबले. मग ‘मिळाले’ लिहून तारीख घातली, सही केली आणि पेन मला परत दिलं. याआधी त्यांच्या दारी मी तीनदा तावातावाने गेलो होतो, तिन्ही वेळा चहा मिळाला होता. या वेळी मिळाला नाही. नाना म्हणाले, “चांगलं लक्षण आहे.”

२६ तारखेला संध्याकाळी एक कॉक लाल आणि एक पिवळा झाला. गणपतीखाली वेळापत्रक लागलं. त्यात हिंदीच्या दोन चुका आहेत, पण वेळा बरोबर आहेत. २७ मार्चला, गुरुवारी, सात वाजून बारा मिनिटांनी मी मुद्दाम डोक्याला साबण लावून उभा राहिलो. पाणी आलं. खालच्या वहीत बदलीच्या मामांनी पावणेसहाच्या पुढे ‘पिला कॉक खोला’ असं लिहून सही केली होती.

सेन्सरची कोटेशनं अजून यायची आहेत. कमिटीची सभा शनिवारी, १९ एप्रिलला आहे. कॅलेंडरवर त्या चौकोनात बायकोने ‘से’ लिहून ठेवलंय.