किती धरू?

आमच्या गल्लीतल्या काकांना तुम्ही ओळखताच. नाव वेगळं असेल, पण फेब्रुवारी लागला की दहावीचं पोर असलेल्या घरी चहाच्या वेळेला नेमके उगवणारे, खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढून त्याच्या पाठीवर रेघ मारणारे आणि पोराच्या तोंडाकडं न बघता "इंटर्नल किती धरू?" असं विचारणारे गृहस्थ तुमच्याकडंही असणारच. पोरगं अभ्यास करतंय का, जेवतंय का, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ठरलेल्या टक्क्याला लेखीत किती पाहिजेत, एवढंच त्यांना काढायचं असतं.

ही खोड परीक्षेपुरती असती तर चाललं असतं. लग्नाच्या पंगतीत "मागनं अजून किती पानं धरू?" असं आचाऱ्याला विचारून ते उरलेल्या जिलेब्यांचा भागाकार करतात. शाहू स्टेडियमवर आपली तालीम दोन गोलनं मागं असते, माणसं शिव्या देत असतात आणि हे "उरलेल्या मॅचीत पॉइंट किती धरू?" म्हणत शेजाऱ्याचं पेन मागतात. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरचे फूट मोजतं. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. आम्ही पाणी कधी उतरतंय म्हणून देव पाण्यात घालून बसलेलो, आणि काका कट्ट्यावरून सांगतात, "आत्ता एकतीस. म्हंजे अजून आठ पाहिजेत." पाहिजेत! पंचगंगेला जणू फर्स्ट क्लास काढायचा होता.

आमच्या पुतणीच्या वेळी मात्र मी त्यांचा हिशेब शेजारी बसून पाहिला. तिला नव्वद टक्के हवे होते. ती म्हणाली, "सोपं हाय की काका. लेखी ऐंशीचं. ऐंशीचे नव्वद टक्के बहात्तर. प्रत्येक विषयात बहात्तर काढतो." (आमच्या पोरी 'काढतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

काकांनी तिकीट उलटं केलं. "बहात्तर कशाला? सहा विषयांतले चांगले पाच धरतात. पाचशेचे नव्वद टक्के साडेचारशे. आता इंटर्नल किती धरू?"

"वीसच्या वीस."

"एकोणीस धरतो. पाच विषयांचे पंचाण्णव झाले. ड्रॉइंगची इंटरमिजिएट दिलीस न्हवं? ग्रेड?"

"बी."

"बीचे पाच. शंभर झाले. राहिले साडेतीनशे, पाच लेख्यांत. म्हंजे सत्तर." पोरीच्या डोक्यावरचं विषयाला दोन मार्कांचं ओझं काकांनी एका तिकिटावर उतरवलं. तिच्या आईनं लगेच चहात दूध वाढवलं.

गणिताच्या पेपरादिवशी पोरगी रडत घरी आली. भूमितीचा मोठा प्रश्न सुटला नव्हता. उत्तरं ताडून पाहता दोन्ही भागांचे मिळून बासष्ट होत होते. तिला पाणी द्यायच्या आधी काकांनी साडेतीनशेतून बासष्ट वजा केले. "दोनशे अठ्ठ्याऐंशी. आता बाकीच्या चारांची सरासरी बहात्तर पडाय पाहिजे." रडणं वाढलं. हे गणित बरोबर होतं, पण माणसानं कधी गप्प बसावं याचा पेपर काकांनी कधी दिलेलाच नाही.

मग शेवटी समाजशास्त्र झालं. इतिहास-भूगोल मिळून अडुसष्ट जातील असा तिचा अंदाज. काका उभे राहिले. "गणित गेलं!" आम्ही दचकलो. "गेलं म्हंजे बाहेर गेलं. सहावा विषय आला न्हवं? बासष्टच्या जागी अडुसष्ट. बाकीच्या चारांना साडेसत्तर बास." खरी मेख इथंच आहे. कुठला विषय सुटणार हे आधी ठरवता येत नाही, ते निकाल ठरवतो. म्हणून 'गणित सोडून देतो, पाच विषय भरून काढतो' असं जानेवारीत म्हणणाऱ्या पोरांना काका दारात उभं करत नाहीत. सुटणाऱ्या विषयातही पास व्हावंच लागतं, आणि उरलेल्या पाचांतला एक घसरला तर झाकायला मागं कोणीच नसतं.

काकांचा पडता काळ २०१९चा. त्या वर्षी मंडळानं भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस मार्क काढून टाकले. "किती धरू?" विचारायचं, तर त्या विषयांत धरायलाच काही नाही. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. घरात कुणी गेल्यागत काका महिनाभर खिन्न होते. पुढच्या वर्षी वीस मार्क परत आले, काकांनी तिकिटं बाहेर काढली, तेवढ्यात करोनानं भूगोलाचा पेपर नेला आणि त्याचे मार्क बाकीच्या पेपरांच्या सरासरीनं दिले गेले. काका त्यावर खूश होते. सरासरी त्यांची लाडकी. पण २०२१ला परीक्षाच रद्द झाली. नववीचे पन्नास, दहावीच्या वर्षभराच्या चाचण्यांचे तीस, तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस. सगळंच शाळेच्या हातातलं, लेखी शून्य. ज्या वर्षी राज्यातले ९९.९५ टक्के पास झाले, त्या वर्षी आमच्या गल्लीत एकच माणूस नापास झाल्यासारखा फिरत होता.

हा माणूस मला कधी आवडेल असं वाटलं नव्हतं, आणि आजही पुरतं आवडतो असं म्हणवत नाही. पण नव्वदवाल्यांच्या दारी चहा असतो, आणि काका चहा नसलेल्या दारीही जातात हे मला उशिरा कळलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात काम करणारं पोरगं यंदा बसणार नव्हतं. गणितात निघत नाही, फी फुकट जाईल, म्हणून त्यानं पुस्तकं बांधून ठेवलेली. काका तिथं जाऊन टायरवर बसले.

"इंटर्नल किती धरू?"

"सर म्हणाले सतरा देतो."

"मी पंधरा धरतो. शाळेचं तोंडी सांगणं कागदावर येईस्तोवर आटतं. पासाला पस्तीस. पंधरा गेले, वीस राहिले. कशात? ऐंशीत. म्हंजे बीजगणितात दहा, भूमितीत दहा."

पोरगं पाना हातात धरून बघत राहिलं. पस्तीसचा डोंगर त्याला कुणी कधी असा दहा-दहाचा करून दाखवला नव्हता.

"पहिला प्रश्न आठ मार्कांचा," काका म्हणाले. "पर्याय निवडा आणि एकेका मार्काचे. दुसऱ्यात 'कृती पूर्ण करा' चार मार्कांची, नुसते चौकोन भरायचे. झाले बारा. बारात दहा. पुढचं पान उलटू नको, भ्या वाटतंय." मग महिनाभर रात्री गॅरेजच्या बल्बखाली दोघं चौकोन भरत बसत. तिसऱ्या प्रश्नाला काकांनी त्याला हात लावू दिला नाही.

निकालादिवशी पोरगं पेढे घेऊन आलं. गणितात एक्केचाळीस. आम्ही त्याची पाठ थोपटली. काकांनी पेढा तसाच हातात ठेवला आणि कपाळाला आठी घातली.

"पस्तीस निघाय पाहिजे होते. सरांनी खरंच सतरा दिले, मी पंधरा धरलेले; दोन तिथं गेले," ते म्हणाले. "वरचे चार कुठनं आणलास? पान उलटलंस व्हय रं?"