सोफा विकणारे ‘आम्ही’

ऑनलाइन दुकानातून एक लाख ऐंशी हजारांचा सोफा घेणाऱ्या माणसाला कापडाचा पोत, फोमची घनता, पायांचे लाकूड आणि कोपरा डावीकडे वळणारा हवा की उजवीकडे, याची खडान्‌खडा माहिती असते. फक्त सोफा विकतो कोण, हे त्याला ठाऊक नसते. विचारलेच तर तो ब्रँडचे नाव सांगतो, तेही असे की जणू ब्रँड आपल्याच आळीत राहतो. पण ब्रँड म्हणजे एक बोधचिन्ह, दोन रंग आणि भरपूर जाहिराती. त्याला करारावर सही करता येत नाही, आणि ग्राहक आयोगाची नोटीस घ्यायला दारात येता येत नाही. सही कोणीतरी दुसराच करतो. तो कोण, हे अटी व शर्तींच्या पानावर लिहिलेले असते किंवा मुद्दाम लिहिलेले नसते, आणि दोन्ही गोष्टी पैसे भरण्याआधी कळलेल्या बऱ्या.

अटी व शर्ती वाचायच्या नसतात, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. संपूर्ण वाचा असे कोणी म्हणतही नाही. पान उघडा, शोधाच्या चौकटीत एकामागून एक Private Limited, LLP, CIN, GSTIN आणि operated by एवढे टाका. प्रामाणिक दुकान असेल तर पहिल्याच परिच्छेदात वाक्य सापडते: हे संकेतस्थळ अमुक कंपनी चालवते, आणि यापुढे ‘आम्ही’ म्हणजे ती कंपनी. बाकी दुकानांत ‘आम्ही’ लगेच सुरू होतात. आम्ही किंमत बदलू शकतो, आम्ही ऑर्डर रद्द करू शकतो, आम्ही कोणत्याही नुकसानीस जबाबदार नाही. हे आम्ही कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. काही ठिकाणी तर तयार नमुना उचलून चिकटवलेला असतो आणि कंपनीच्या नावाची जागा चौकटी कंसात तशीच कोरी राहिलेली असते. जोधपूरचा सोफा, नाशिकचा ग्राहक आणि वाद झाला तर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा, असा त्रिवेणी संगमही उसन्या मजकुरात आढळतो. ज्याला स्वतःचे नाव भरायला सवड मिळाली नाही, तो परताव्याचा अर्ज सवडीने वाचेल, अशी आशा धरणाऱ्याच्या आशावादाला नमस्कार.

नाव सांगणे ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये आले. त्यांच्यानुसार दुकानाला आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे द्यावे लागतात. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात, असेही त्यात आहे. कंपनी कायद्याखालचे 2014 चे नियम त्याहून पुढे जातात: कंपनीचे संकेतस्थळ असेल तर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि असल्यास फॅक्ससुद्धा पहिल्याच पानावर हवा. फॅक्स मागणारे सरकार भाबडे वाटेल, पण त्याने नाव मागितले आहे हे विसरू नये. पहिल्या पानाच्या तळाशी नुसते ब्रँडचे नाव आणि चालू वर्ष असेल, तर पहिला नियमभंग सोफा बघण्याआधीच झालेला असतो.

आता एक काल्पनिक, पण अजिबात अशक्य नसलेले दुकान घेऊ. सोफा मागणीनुसार बनणार, सहा आठवडे लागणार आणि पूर्ण रक्कम आगाऊ. अटींच्या पानावर दिल्लीची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, ती म्हणते की आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो, माल ‘भागीदार विक्रेते’ पाठवतात. गोपनीयता धोरणात एका एलएलपीचे नाव. माल पोचवण्याच्या धोरणात तळाशी एक जीएसटी क्रमांक. तीन पाने, तीन माणसे. आपल्या कामाचा सर्वांत बोलका दुवा म्हणजे तो पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30, इथे 08, म्हणजे राजस्थान. पुढची दहा अक्षरे म्हणजे विक्रेत्याचा पॅन. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, मालकाची जात सांगते. C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, P असेल तर एकटा माणूस. आपल्या दुकानात P आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की Legal Name समोर एका गृहस्थाचे नाव येते, Trade Name समोर फर्निचरच्या दुकानाचे, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, तेही. म्हणजे जाहिरात दिल्लीच्या कंपनीची, माहिती साठवणार एलएलपी, आणि सोफा विकणार राजस्थानातले एक गृहस्थ. त्यात फसवणूक आहेच असे नाही. पण सोफ्याचा पाय सहाव्या महिन्यात मोडला तर ‘आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो’ हे उत्तर कोण देणार आहे, ते आताच कळले.

दिल्लीच्या कंपनीचीही चौकशी करता येते. तिच्या 21 अक्षरी ओळख क्रमांकात राज्य आणि नोंदणीचे वर्ष उघड लिहिलेले असते. दहा वर्षांचा वारसा सांगणाऱ्या जाहिरातीखालच्या क्रमांकात 2024 दिसले तर वारसा कोणाचा, एवढे विचारायला हरकत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी चालू आहे की निबंधकांनी यादीतून काढून टाकली आहे, भरणा झालेले भांडवल किती आणि नोंदणीकृत पत्ता कोणता, हे दिसते. शेवटची पडताळणी पैसे भरतानाची. यूपीआयवर रक्कम पाठवण्याआधी समोर नाव येते. ते या तिघांपैकी एकाचे किंवा पैसे गोळा करणाऱ्या एखाद्या पेमेंट कंपनीचे असेल तर ठीक. चौथ्याच माणसाचे असेल तर बोट तिथेच थांबवावे. आणि त्याआधी एक ईमेल पाठवावा: बिल कोणाच्या नावाने निघेल, त्यावर कोणता जीएसटी क्रमांक असेल आणि ऑर्डर रद्द झाली तर पैसे कोण परत करेल? तीनही उत्तरे लेखी आली तर जपून ठेवावीत. उत्तरादाखल फुलाचे चित्र आणि ‘आमची टीम लवकरच संपर्क साधेल’ एवढेच आले, तर तेही उत्तरच आहे.

मोठ्या बाजारपेठेवर खरेदी करणारे म्हणतील, हे सगळे छोट्या दुकानांसाठी, आम्ही नामांकित ठिकाणीच घेतो. पण नामांकित ठिकाण हे बहुधा ठिकाणच असते, विक्रेता नव्हे. परदेशी गुंतवणूक असलेल्या बाजारपेठेला भारतात स्वतःचा माल साठवून थेट ग्राहकाला विकण्याची मुभा नाही. म्हणून तिथे करार तुमचा आणि ‘Sold by’ या बारीक अक्षरांपुढे लिहिलेल्या नावाचा. त्या नावावर बोट ठेवले की विक्रेत्याचा पत्ता दिसायला हवा, हेही 2020 च्याच नियमांत आहे. नामांकित नावाचा फायदा असतो, नाही असे नाही. मधल्यामध्ये भांडण मिटवण्याची त्यांची यंत्रणा पुष्कळदा खरोखर चालते. मात्र ती त्यांच्या धोरणातल्या ठराविक दिवसांपुरती, आणि सोफा ते दिवस मोजून मोडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: कोर्टात कोण जाणार? कोणी जाऊ नये, हीच सदिच्छा. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करण्याची सोय दिली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. अटींत ‘फक्त दिल्लीची न्यायालये’ असे ठणकावले असले तरी नाशिककराने नाशिकमध्येच अर्ज द्यावा. अडते ते वेगळ्याच जागी. अर्जात सामनेवाल्याचे नाव आणि पत्ता लागतो. तिथे ब्रँडचे नाव लिहिले की नोटीस ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत येते, मग नाव दुरुस्तीचा अर्ज, मग पुढची तारीख. खरेदीच्या दिवशी दहा मिनिटांत मिळणारे नाव त्या वेळी शोधायला गेले तर संकेतस्थळ तरी बंद झालेले असते किंवा अटींचे पान बदललेले असते. म्हणूनच पैसे भरण्याआधी त्या पानाची तारखेसह पीडीएफ करून ठेवणारा माणूस घरच्यांना विक्षिप्त वाटला तरी वाटू द्यावा.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे: नाव कळले म्हणजे पैसे सुरक्षित झाले, असे नाही. 2015 पासून खासगी कंपनी काढायला किमान भांडवलाची अटच उरलेली नाही. नोंदणीकृत पत्ता एखाद्या सनदी लेखापालाच्या कपाटाचाही असू शकतो. गंमत अशी की ‘प्रायव्हेट लिमिटेड’ वाचून आपल्याला धीर येतो आणि एकट्या मालकाचे नाव वाचून धाकधूक होते. कायद्याच्या नजरेत चित्र जवळजवळ उलटे आहे. कंपनी बुडाली तर भागधारकांचे घर शाबूत राहते, एकट्या मालकाची जबाबदारी त्याच्या घरापर्यंत जाते. अर्थात घर असेल तर. तेव्हा नाव शोधायचे ते भरवसा ठेवण्यासाठी नव्हे, किती रक्कम आगाऊ द्यायची ते ठरवण्यासाठी. गेल्या वर्षी नोंदलेली, लाखभर भांडवलाची कंपनी पूर्ण एक लाख ऐंशी हजार आधी मागत असेल, तर थोडी रक्कम आता आणि उरलेली सोफा दारात आल्यावर, असे म्हणून पाहावे. नाही म्हणाले तर सोफे गावातही मिळतात, आणि तिथे बसूनही बघता येते.

एवढे करूनही ज्याला ‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा मोह आवरत नाही, त्याने एक कागद जरूर वाचावा. हप्त्यांचा करार दुकानाशी नसतोच. तो बँकेशी किंवा वित्त कंपनीशी असतो, आणि दुकान गायब झाले म्हणून हप्ते आपोआप गायब होत नाहीत. त्या करारात मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, तक्रार अधिकारी आणि उशीर झाल्यास लागणारा दंड पहिल्या काही पानांतच नेटका मांडलेला सापडतो. सगळ्या व्यवहारात स्वतःची इतकी नीट ओळख करून देणारा तो एकटाच, कारण पैसे येणार आहेत ते त्याच्याकडे.