नवशिक्यांसाठी गजर: परदेशी आवृत्ती

रोज ठरलेल्या वेळी आठवण करून देणारं ॲप लिहायला तुम्ही बसला आहात. काम सोपं आहे, संध्याकाळच्या चहापर्यंत आटपेल. खालच्या पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. मात्र त्यांतली एखादी फारच पटली, तर अंमलात आणण्यापूर्वी पुढची वाचावी.

सरावासाठी एक गिऱ्हाईक घेऊ. मूळचा कोथरूडचा, आता न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा, वर्षातून दोन-तीनदा पुण्याला येणारा. त्याला दोन रिमाइंडर हवेत. सकाळी सातला थायरॉइडची गोळी, आणि रोज आईला फोन. आई रात्री आठला जेवून मोकळी होते, तेव्हा.

पायरी पहिली: सगळं यूटीसीत साठवा. यूटीसी म्हणजे सगळ्या जगाने मोजणीसाठी मान्य केलेली वेळ. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. जाणकार माणसं ‘सगळं यूटीसीत ठेवा’ असंच सांगतात आणि सांगताना त्यांचा चेहरा फार शांत असतो. तर गिऱ्हाइकाने जानेवारीत एडिसनला बसून सातची गोळी लावली, तुम्ही ती यूटीसीचे दुपारी बारा म्हणून टिपून घेतली. पुण्यात बसून फोन हातात धरून तपासलंत, घंटा वेळेवर वाजली. ॲप बाजारात सोडा.

८ मार्च २०२६ च्या रविवारी तिकडे पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास पुढे सरकली. यूटीसीला त्याचं काही सोयरसुतक नाही. तिचे बारा पूर्वीसारखेच वाजले, पण एडिसनच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात तेव्हा सकाळचे आठ झाले होते. रिकाम्या पोटी घ्यायची गोळी आता पोह्यांवर पडली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे येतील, तेव्हा तक्रार आपोआप मिटेल आणि ‘बग सापडत नाही’ असा शेरा मारून तुम्ही ती बंद कराल.

ही चूक पुण्यात बसून सापडणं कठीण असतं, कारण भारतात घड्याळ बदलतच नाही. आपल्याकडे साठवलेली यूटीसी वर्षभर बरोबर निघते, म्हणून इथला प्रोग्रामर इतका निश्चिंत असतो. दर चोवीस तासांनी वाजवायची युक्तीही याच जातीची. ज्या दिवशी घड्याळ पुढे जातं तो दिवस तेवीस तासांचा असतो आणि मागे येतं तो पंचवीस तासांचा.

पायरी दुसरी: मग स्थानिक वेळच साठवा, सगळ्यांसाठी. आता शहाणपण आलं. ‘सकाळी सात, फोन जिथे असेल तिथले’ एवढंच टिपा, आणि पुढची घंटा यूटीसीत किती वाजता पडते हे दर वेळी नव्याने काढा. गोळीचं काम फत्ते. त्याच जोरात आईचा फोनही तसाच लावा. हिवाळ्यात पुण्याचे रात्रीचे आठ म्हणजे एडिसनचे सकाळचे साडेनऊ, म्हणून साडेनऊ टिपलेत. मार्चनंतर तेच साडेनऊ पुण्यात संध्याकाळी सातला पडतात. आई कुकर लावत असते. “अरे, आत्ता कसा केलास? आठ म्हणाला होतास ना?” मुलगा म्हणतो, मी तर रोजच्याच वेळेला करतोय. दोघंही खरं बोलत असतात, आणि तुम्ही त्या संभाषणात कुठेच नसता.

म्हणजे प्रश्न वेळेचा कमी आणि घड्याळ कोणाचं, याचा जास्त आहे. गोळी माणसाच्या सकाळशी बांधलेली आहे, ती त्याच्याबरोबर फिरावी. फोन आईच्या घड्याळाशी बांधलेला आहे, मुलगा टोकियोला गेला तरी तो तिथून हलायचा नाही. म्हणून रिमाइंडर लावताना गिऱ्हाइकाला एकच जादा प्रश्न विचारा: ही वेळ तुमच्याबरोबर प्रवास करणार, की एका गावी मुक्कामाला राहणार? नोंद मग अशी दिसेल:

```
pill:  07:00  zone: device
aai:   20:00  zone: Asia/Kolkata
```

`+05:30` असा आकडा लिहायचा मोह आवरा, गावाचं नावच लिहा. आकडा फक्त आजचा फरक सांगतो. नावामागे घड्याळं कधी कशी बदलतात याचे सगळे नियम असतात. ती यादी इंटरनेटच्या कारभाऱ्यांकडे सांभाळली जाते, एखाद्या देशाने नियम बदलला की दुरुस्त होते आणि फोनच्या अपडेटमधून येते. पुणे, नाशिक, पणजी सगळे `Asia/Kolkata`मध्येच मोडतात. पुणेकरांनी हे शांतपणे घ्यावं. ‘IST’ ही तीन अक्षरं तर वापरूच नका, त्यांवर इस्रायल आणि आयर्लंडचाही हक्क आहे.

पायरी तिसरी: गिऱ्हाइकाला विमानात बसवा. इथे घाई करू नका, खरी गंमत इथेच आहे.

समजा जुलै महिना आहे. सोमवारी सकाळी सातला त्याने पुण्यात गोळी घेतली. मंगळवारी पहाटे एकला मुंबईहून विमान सुटलं, सोळा तासांचा प्रवास. फोन फ्लाइट मोडमध्ये, म्हणजे त्याच्या मते तो अजून भारतातच आहे. भारताचे सात वाजले, घंटा वाजली, त्याने गोळी घेतली. खाली जमिनीवर न्यू जर्सीत तेव्हा सोमवारचे रात्रीचे साडेनऊ होते. विमान उतरलं तिथल्या मंगळवारी सकाळी साडेसातला. फ्लाइट मोड निघाला, फोनने नवं गाव ओळखलं, अँड्रॉइडने ॲपला निरोप दिला की टाइम झोन बदलला. ॲपने हिशेब मांडला.

मंगळवारचे सात होऊन अर्धा तास झाला आहे. आता घंटा वाजवली, तर दहाच तासांत दुसरी गोळी. ‘मंगळवारची वाजून झाली’ म्हणून गप्प बसलं, तर पुढची बुधवारी सातला, म्हणजे साडेतेहतीस तासांनी. तारीख पाहून दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात, कारण आकाशातला मंगळवार आणि जमिनीवरचा मंगळवार एकच नव्हे, हे ॲपला माहीत नाही.

यासाठी दोन वह्या ठेवा. पुढच्या घंटा स्थानिक वेळेत लिहायच्या. झालेली गोष्ट, म्हणजे गोळी घेतली तो क्षण, मात्र यूटीसीत. पहिल्या पायरीतला तो शांत चेहऱ्याचा जाणकार या वहीपुरता अगदी बरोबर होता. टाइम झोन बदलला की दुसरी वही उघडा, शेवटच्या गोळीपासून किती तास गेले ते मोजा आणि गिऱ्हाइकाला नुसतं सांगा: ‘मागची गोळी दहा तासांपूर्वी घेतली होती. पुढची उद्या सातला, साडेतेहतीस तासांनी.’ निर्णय ॲपने घेऊ नये. थायरॉइडची गोळी शरीरात बरेच दिवस टिकते, तिला दहा तास इकडेतिकडे फारसे लागत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्याचं तसं नाही. तुमच्या ॲपच्या लेखी दोन्ही सारखेच ‘औषध’. प्रवासाआधी वेळा कशा सरकवायच्या, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

पायरी चौथी: तपासणी. फोनच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित वेळ बंद करा, टाइम झोन न्यू यॉर्कचा निवडा, तारीख २०२७ च्या १३ मार्चला न्या, रात्री अडीचचाही एक रिमाइंडर लावा आणि एक रात्र जाऊ द्या. १४ मार्चला तिथे रात्रीचे अडीच वाजतच नाहीत, घड्याळ दोनवरून थेट तीनवर उडी मारतं. नोव्हेंबरात मात्र दीड दोनदा वाजतो. पहिल्या बाबतीत घंटा तीननंतर एकदा वाजावी आणि दुसऱ्या बाबतीत पहिल्या दीडलाच, असं मी ठरवतो. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी हरकत नाही, पण ठरवा, नाहीतर लायब्ररी तुमच्या वतीने ठरवेल आणि सांगणार नाही.

तपासून झालं की फोनचं घड्याळ परत स्वयंचलित करायला विसरू नका. उद्या सकाळी ऑफिसला जायचं आहे.