रॉयल्टी तीन पानं, खवा एक ओळ

साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या एखाद्या जुन्या दुकानाला फ्रँचायझीचा प्रस्ताव आला, असं समजू. मसुद्यात रॉयल्टीला तीन पानं असतात, दर्जाला एक ओळ: ‘ब्रँडचा दर्जा राखला जाईल.’ कोण राखणार, हे मात्र त्या ओळीला विचारायचं नाही!

हिशेब करून पाहावा. शाखेची महिन्याची विक्री १० लाख, रॉयल्टी ५ टक्के. म्हणजे ५० हजार, तेही विक्रीवर. नफा झाला काय, न झाला काय. पेढा ५०० रुपये किलो धरला तर विक्री २,००० किलो, त्याला खवा साधारण १,५०० किलो. शाखाचालकाने किलोमागे ४० रुपयांनी स्वस्त खवा आणला की ६० हजार वाचले. रॉयल्टी वसूल, वर दहा हजार!

मग येते तपासणी. सात दिवस आधी कळवून.

खव्यात पिष्ट असेल तर पाण्यात उकळून, गार करून टाकलेला आयोडीनचा थेंब निळा पडतो. पण वनस्पती तुपाची भेसळ त्याला कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. तिचा खर्च कोणी करायचा, यावर मसुदा मौनव्रत पाळतो.

मालकाने रॉयल्टीत एखादा टक्का सोडावा, पण खवा आपल्याच भट्टीचा, नमुने न कळवता आणि दुसऱ्यांदा नापास झाल्यास करार रद्द, एवढं लिहून घ्यावं. समोरचा त्यावरच अडला, तर त्याला पेढा नको, पाटी हवी आहे.